उजव्या पायाचा बोरू

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात गुरुचरित्राचे पारायण करणारे कुणी ना कुणी बसलेलेच असते. संगमाकडून वारा येतो, सुट्या पानांची पोथी फडफडू लागते, वाचणारा पानावर तळहात ठेवतो. मी अशा वेळी पोथीतली अक्षरे बघतो. पोथी छापील असते, तरीही तिच्यातल्या ‘र’चा पोटाकडचा भाग जाड असतो आणि खाली उजवीकडे गेलेली शेपटी बारीक. ‘ठ’ची गोलाई वर डावीकडे आणि खाली उजवीकडे भरते, उरलेल्या दोन बाजूंना निमुळती होते. काना खाली संपतो तिथे त्याचा तळ सपाट नसतो. डावा कोपरा वर, उजवा खाली. छापखान्याच्या खिळ्याला असे तिरके संपायचे काहीच कारण नाही. ही तिरकी कड दुसऱ्याच एका वस्तूची आहे, तासलेल्या बोरूची.

माझ्याकडे सुलेखन शिकायला येणारे नवशिके बहुधा दुकानातून चपट्या तोंडाचे पेन घेऊन येतात. पेन चांगले असते, पण त्याचे तोंड सरळ कापलेले असते, कारण ते रोमन अक्षरांसाठी घडवलेले आहे. उजव्या हाताने पेन धरले की दांडा उजव्या खांद्याकडे झुकतो आणि निबेची कड आपोआप डावीकडून उजवीकडे वर चढते. रोमनला हेच हवे असते. देवनागरीला नेमके उलटे हवे: कड डावीकडून उजवीकडे खाली उतरली पाहिजे, साधारण ४५ अंशांनी. मग शिकणारा मनगट पिळतो, कोपर पोटाशी दाबतो, आणि अर्ध्या तासाने हात दुखतो म्हणून सांगतो. दुखणारच. जुन्या लेखनिकांनी हा कोन मनगटावर कधी टाकलाच नव्हता. तो त्यांनी चाकूने बोरूलाच दिला होता.

बोरू तासण्याची रीत अवघड नाही. पेन्सिलीएवढी जाड, वाळलेली काडी घ्यायची, वीतभर ठेवायची. एका टोकाला खालच्या अंगाने लांब उतार काढायचा, म्हणजे जिभेसारखी पात राहते. दोन्ही बाजू तासून पातीची रुंदी हवी तेवढी आणायची. शाई उतरायला मधोमध बारीक चीर द्यायची. शेवटी पात कठीण लाकडावर ठेवून चाकूच्या एकाच दाबाने टोक छाटायचे, आणि हा शेवटचा काप तिरका घ्यायचा. कुठल्या बाजूने तिरका, हे मी पायाकडे बघून लक्षात ठेवायला सांगतो. उजव्या पायाची बोटे वरून पाहा: डावीकडे अंगठा लांब, उजवीकडे करंगळी आखूड. आपल्या बोरूचे टोक तसे हवे. डाव्या पायासारखे कापलेले निब दुकानात मिळतात, पण ते डाव्या हाताने रोमन लिहिणाऱ्यांसाठी असतात. आपल्याला ते उपयोगाचे नाहीत. आणि गंमत अशी, की डावखुऱ्या माणसाचा दांडा डाव्या खांद्याकडे झुकत असल्याने साध्या सरळ निबेनेही त्याला देवनागरीचा कोन सहज मिळतो. ज्या मुलाला डावखुरा म्हणून शाळेत बोलणी बसली, त्याच्या हातात ही लिपी अधिक नैसर्गिकपणे बसते.

तिरक्या कापानेच पूर्ण ४५ अंश साधायचे असे नाही. काप ३० अंशांचा असला, दांडा सरळ छातीकडे ठेवला आणि कागदाची उजवी बाजू थोडी वर फिरवली, तरी उरलेले १५ अंश भरून निघतात.

४५च का? कागदावर मोजून बघितले की कळते. ४ मिलिमीटर रुंदीचा टाक ४५ अंशांत धरला तर शिरोरेषा २.८ मिलिमीटर जाड येते, आणि काना ओढला तर तोही २.८ येतो. आडवी आणि उभी सारख्या वजनाची. तोच टाक ३० अंशांवर सपाट झाला तर काना साडेतीन मिलिमीटरचा आणि शिरोरेषा अवघी दोनची. शिरोरेषेला सगळी ओळ टांगलेली असते. ती बारीक झाली की जाड काने तिला खाली ओढताहेत असे दिसते. म्हणून नवशिक्याचे पान हाती आले की मी आधी अक्षरांची सुबकता बघत नाही. शिरोरेषा आणि काना एकाच जाडीचे आहेत का, एवढेच बघतो. नसतील तर ओळीच्या मध्ये कुठे तरी हात फिरलेला असतो, आणि तो नेमका कुठे फिरला तेही जाडीवरून सापडते.

टाकाच्या रुंदीचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. समर्थांनी त्यात बाळबोध अक्षर कसे असावे ते सांगितले आहे, आणि ते सांगणारा माणूस स्वतः टाक धरणारा होता हे शब्दाशब्दातून कळते. देशोदेशीचे बोरू आणावेत, कठीण आणि सरळ निवडावेत. शाईचे काळेपण आणि टाकाचे ठोसरपण पानभर एकसारखे असावे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते आपल्याच कामाला येत नाही. ‘ठोसरपण’ हा एक शब्द आजच्या निबेच्या मिलिमीटरपेक्षा मला अधिक नेमका वाटतो. बोरू लिहिता लिहिता झिजतो, टोक मऊ होते, रेघ फुगते. पुन्हा छाटला की नवे टोक जरा वेगळ्या रुंदीचे निघते. शेकडो पाने एका ठोसरपणाने लिहायची म्हणजे दर वेळी छाटताना रुंदी आणि उतार दोन्ही तेच आणायचे. चाकू धरणारा हात लेखणी धरणाऱ्या हाताइतकाच शिकलेला लागतो.

हा उतार छपाईत कसा शिरला, याचा एक महत्त्वाचा दुवा वाडीच्या शेजारीच आहे. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात, इंग्रज वकील मॅलेटच्या संगतीने आलेल्या कारागिरांकडून एक तांबट तांब्यावर अक्षरे कोरायला शिकला. नाना फडणविसांच्या मनात गीता छापायची होती, पण ते काम पुण्यात तडीस गेले नाही. पुढे तो तांबट मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. कोरणीच्या टोकाला टाकासारखी रुंदी नसते. जाड रेघ हवी तर तिच्या दोन्ही कडा सांभाळत मधली जागा खोदायची. जाडी कुठे वाढते आणि कुठे संपते, हे सगळे कोरणाऱ्याने डोळ्यांत साठवून आणलेले असावे लागते. त्यात पत्र्यावर अक्षर उलटे. म्हणजे कागदावर उजव्या पायाचा उतार उमटायला तांब्यावर डाव्या पायाचा कोरायचा. बोरू जे एका ओढीत करतो, ते तिथे टोच्याने कणाकणाने करायचे. कोरणे इतके किचकट असूनही त्या परंपरेने बोरूचे जाड-बारीक टाकून दिले नाही, कारण वाचणाऱ्याला त्याशिवाय ते अक्षर पोथीचे वाटलेच नसते.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळाप्रेसमध्ये हाताने लिहिलेलेच दगडावरून उमटते, त्यामुळे तिथे टाक जसाच्या तसा राहिला. खरी कसोटी सुट्या खिळ्यांची होती. जावजी दादाजींच्या निर्णयसागरासाठी राणोजी रावजी आरूंनी जे ठसे कापले, त्यांत पोलादाच्या टोकावर बोरूचा उतार पुन्हा बसवला गेला. निर्णयसागर १८६९ साली सुरू झाला आणि त्याचे वळण पुढे कित्येक पिढ्या मराठी आणि संस्कृत पुस्तकांचे वळण होऊन राहिले. वाडीच्या पोथीत मला दिसतो तो कान्याचा तिरका तळ या वाटेने आलेला आहे.

हातातून मात्र तो गेला. शाळेत बोरूने कित्ता गिरवणे हळूहळू बंद पडले. टोकदार पोलादी निब आले. त्यात जाडी कोनातून येत नाही, दाबातून येते, आणि दाब खाली येणाऱ्या रेघेवरच पडतो. काने जाड, शिरोरेषा बारीक. नंतर बॉलपेनने तोही फरक पुसला. म्हणून आज सुलेखन शिकणारा नवशिका वाचतो एका कोनातली अक्षरे आणि रोज लिहितो कोनच नसलेली. र. कृ. जोशी, अच्युत पालव यांच्यासारख्यांनी रुंद टाक पुन्हा मराठी हातांत दिला. त्यांच्यामुळेच माझ्या पिढीला हा प्रश्न विचारता आला.

आता रुंदी आणि उंचीचे गणित. कुठले शब्द गिरवावेत असे विचारले तर वाडीच्या माणसाने ‘दत्त’पासून सुरुवात करावी. भक्ती आहेच, पण या शब्दात टाकाची सगळी परीक्षा होते. जुन्या वळणाचा ‘त्त’ घ्या: शिरोरेषेखाली कान्याला टेकलेली एक आडवी रेघ, तिच्याखाली दुसऱ्या ‘त’ची आडवी रेघ, आणि तिथून वळून खाली उतरणारी शेपटी. तीन आडव्या रेघा एकाच अक्षरात.

टाक ४ मिलिमीटरचा. कागदाच्या कडेला त्याच टाकाचे तोंड उभे ठेवून, पायऱ्यांसारखे एकावर एक ठसे उमटवा. चार ठशांची उंची १६ मिलिमीटर. शिरोरेषा आणि दोन आडव्या रेघा मिळून ८.४ गेले, उरले ७.६. त्यातून दोन फटी आणि शेपटी. फटी दोन-दोन मिलिमीटरच्याही धड होत नाहीत, शाई ओली असतानाच रेघा एकमेकींना चिकटतात, आणि लांबून ‘त्त’ नुसता काळा ठिपका दिसतो. आठ ठसे, म्हणजे ३२ मिलिमीटर घेतले तर उलटा दोष: २३.६ मिलिमीटर मोकळे, अक्षर उंच आणि हडकुळे, रेघा एकमेकींपासून सुटलेल्या. सहा ठसे घ्या. उंची २४, मोकळे १५.६. दोन फटींना चार-चार द्या, शेपटीला ७.६ राहतात. रेघ २.८ आणि फट ४. काळ्यापेक्षा पांढरे थोडे अधिक. ‘त्त’ वाचता येतो आणि शब्दाचे वजनही टिकते. वेलांटी आणि मात्रांसाठी वर तीन ठसे, उकारांसाठी खाली तीन, एवढी जागा सोडून दुसरी ओळ धरावी.

पहिल्या महिन्यात ४ मिलिमीटरहून बारीक टाक मी कुणालाच देत नाही. दीड मिलिमीटरच्या निबेने कोन १५ अंश चुकला तरी डोळ्याला कळत नाही, आणि न कळलेली चूक हाताला लागते. चारच्या टाकाने चूक लगेच कान्याच्या तळाशी दिसते. परवा एका आजींनी आणलेल्या पानावर शेवटच्या ओळीतले सगळे काने उजवीकडे वर संपलेले होते. दमून त्यांचा दांडा पुन्हा खांद्याकडे गेला होता. मी त्यांच्या बोरूचे टोक आणखी थोडे छाटून तिरके केले आणि कागद फिरवून दिला. पुढच्या ‘दत्त’चा काना खाली उतरला तेव्हा त्याचा उजवा कोपरा खाली होता.