चांदीपुरा विषाणूचा वंशवृक्ष : शाखांची लांबी व तिचा आधार

१९६५ साली नागपूरजवळील चांदीपुरा येथे ज्वराची साथ आली असता दोन रुग्णांच्या रक्तातून एक अपरिचित विषाणू वेगळा करण्यात आला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी त्याचे वर्णन १९६७ साली प्रसिद्ध केले. पुढे २००३ साली आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात याच विषाणूने बालकांचे बळी घेतले. गुरांना फोड आणणाऱ्या अमेरिकेतील विषाणूंशी त्याचे साम्य आढळले होते. परंतु हे नाते किती जवळचे, याचा निर्णय आकारावरून होण्यासारखा नव्हता.

१९८७ साली त्याच्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाचा अनुक्रम प्रसिद्ध झाला. त्यात ४२२ अमिनो आम्ले आहेत. अमेरिकन विषाणूंच्या त्याच प्रथिनाशी तो जुळवून मांडला असता सुमारे निम्मी स्थाने सारखी निघाली. मात्र यावरून अंतर ०.५ धरणे चुकीचे होय. कारण एकाच स्थानी एकाहून अधिक बदल होऊन गेलेले असतात व ते दिसत नाहीत. साध्या दुरुस्तीने, म्हणजे सारख्या स्थानांच्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉगरिथम काढून त्याचे चिन्ह बदलले असता, हे अंतर दर स्थानी सुमारे ०.६९ बदल इतके येते. शाखेची लांबी ही अशा बदलांची मोजणी होय, वर्षांची नव्हे.

वृक्षातील अंतर कसे मोजावे, हे कुर्डुवाडी जंक्शनावरून सहज ध्यानी येते. बार्शीहून पंढरपूरचे लोहमार्गाने अंतर म्हणजे बार्शी-कुर्डुवाडी व कुर्डुवाडी-पंढरपूर या दोहोंची बेरीज. नकाशावर कोणते गाव वर काढले आहे, याला अर्थ नाही. त्याचप्रमाणे दोन विषाणूंतील अंतर त्यांच्या सामाईक सांध्यातून जाणाऱ्या शाखांच्या बेरजेइतके असते. वृक्षाचे मूळ ठरविण्यासाठी त्याच कुळातील, पण दूरचा, रेबीजचा विषाणू सोबत घेता येतो.

अशा वृक्षात चांदीपुरा हा इराणात वाळूमाशांत सापडलेल्या इस्फहान विषाणूसमवेत येतो, अमेरिकनांसमवेत नव्हे. या जोडीवर विश्वास किती ठेवावा? फेल्सेन्स्टाइन यांनी १९८५ साली सुचविलेल्या बूटस्ट्रॅप पद्धतीत जुळवणीच्या ४२२ रकान्यांतून पुनःपुन्हा ४२२ रकाने यदृच्छेने निवडतात. एकच रकाना अनेकदा येऊ शकत असल्यामुळे प्रत्येक निवडीत सरासरी सुमारे २६७ भिन्न रकानेच येतात. प्रत्येक निवडीवरून नवा वृक्ष रचला असता ती जोडी शंभरापैकी जितक्या वृक्षांत टिकते, तो तिचा आधार. ९५ आधार म्हणजे ती जोडी सत्य असण्याची ९५ टक्के शक्यता, असे नव्हे. त्याच पुराव्यातून फेरनिवड केली तरी निष्कर्ष ढळत नाही, एवढेच त्यातून कळते.

म्हणून जुळवणीच सदोष असेल, तर तोच दोष प्रत्येक फेरनिवडीत उतरतो आणि आधार मात्र उच्चच राहतो. या विषाणूंचे फॉस्फोप्रथिन इतके बदललेले आहे की त्याची जुळवणी पुष्कळ ठिकाणी संदिग्ध राहते. त्यावरून निघालेला वृक्ष न्यूक्लिओकॅप्सिडच्या वृक्षाशी जुळत नसेल, तर आधाराच्या आकड्यापूर्वी जुळवणी तपासणे हेच अभ्यासकाचे पहिले काम ठरते.