समांतर सत्रांचा तक्ता: ओळी ठरतात कशा?

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांसाठी एक तांत्रिक परिषद भरते आहे, असे समजू. पत्रिकेत मजकूर असा: ‘साडेनऊला मुख्य सभागृहात सर्वांसाठी उद्घाटन. सव्वादहा ते पावणेबारा तिथेच वाळूच्या चाचणीवर सत्र. त्याच वेळी दालन १ मध्ये भट्टीच्या वीजवापरावर प्रत्येकी ४० मिनिटांचे दोन निबंध. दालन २ मध्ये ११ ते साडेबारा कोअर बनवण्याचे प्रात्यक्षिक. पावणेबाराला पंधरा मिनिटे चहा, मग सभागृहात साडेबारापर्यंत चर्चा.’

याचा तक्ता करायला बसलेला माणूस बहुधा आधी तासातासाच्या ओळी आखतो आणि तिथेच फसतो. ओळी घड्याळ ठरवत नाही, सत्रे ठरवतात. प्रत्येक सत्राची सुरुवात आणि शेवट काढून सगळ्या वेळा एका रांगेत लावायच्या, दुबार आलेल्या गाळायच्या. इथे ९:३०, १०:१५, १०:५५, ११:००, ११:३५, ११:४५, १२:०० आणि १२:३० अशा आठ वेळा मिळतात, म्हणजे सात ओळी. १०:५५ आणि ११:३५ पत्रिकेत कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्या ४० मिनिटांच्या हिशेबातून निघाल्या. ‘त्याच वेळी’ या शब्दांनी फक्त सुरुवात कळते, शेवट नाही. दालन १ चे काम ११:३५ लाच संपते.

आता स्तंभ तीन: सभागृह, दालन १, दालन २. वाळूचे सत्र चार ओळी व्यापते, दुसरा निबंध दोन, प्रात्यक्षिक चार. वेबपानावर हा तक्ता करायचा तर वाळूच्या घराला `rowspan="4"` द्यावे लागते. उद्घाटन तिन्ही स्तंभांवर आडवे पसरते. चहाही तसाच पसरावा असे वाटते, पण पसरत नाही: ११:४५ ला दालन २ मध्ये प्रात्यक्षिक चालूच आहे. परिच्छेद चारदा वाचूनही ही गफलत नजरेतून सुटते, तक्त्यात मात्र घर जोडायला गेले की हात अडतो. ती परस्पर मिटवू नये, संयोजकांना विचारावे. प्रात्यक्षिकवाल्यांना चहा जागेवर मिळणार असेल, तर तेही घरात लिहावे.

पडताळणी सोपी आहे. प्रत्येक स्तंभातल्या घरांच्या ओळींची बेरीज सात यायलाच हवी. दालन २ मध्ये उद्घाटनाची एक, रिकाम्या दोन, प्रात्यक्षिकाच्या चार. रिकामी घरे ‘काही नाही’ म्हणून गाळली, तर वेबपानावर उजवीकडची घरे डावीकडे सरकू शकतात आणि एका दालनाचे सत्र दुसऱ्याच दालनाच्या स्तंभात जाऊन बसू शकते. एकाच दालनातली दोन सत्रे एकमेकांवर येतात का, हे असे तपासावे:

```
s1 < e2 && s2 < e1
```

s म्हणजे सुरुवात, e म्हणजे शेवट. चिन्ह `<=` घेतले, तर १०:५५ ला संपणारा आणि १०:५५ लाच सुरू होणारा असे दोन निबंधही भांडताना दिसतात. हीच कसोटी वक्त्याच्या नावालाही लावावी.

एक अडचण उरतेच. १०:५५ ते ११:०० ही ओळ पाच मिनिटांची. उंची वेळेच्या प्रमाणात ठेवली तर छापील पानावर तिच्यात अक्षर मावत नाही. सुदैवाने त्या ओळीत नवे सुरू होते ते दुसऱ्या निबंधाचेच घर, आणि ते खालच्या ओळीतही उतरते. म्हणून ओळ बारीकच ठेवावी आणि प्रत्येक घरात सुरुवात-शेवट आकड्यांत लिहावेत. छोट्या फाउंड्रीत वाळू आणि भट्टी अनेकदा एकाच माणसाकडे असते. १०:१५ च्या ओळीवर बोट ठेवले की दुसऱ्या कुणाला सोबत आणायचे की नाही, हे त्याला तिथेच ठरवता येते.