साहेबांना सीसीत टाकण्याची कुळकथा

स्वारगेटच्या शंकरशेठ रस्त्यावरच्या कोणत्याही कार्यालयात रोज घडणारा प्रसंग घ्या. भांडार विभागातून खरेदी विभागाला मेल जातो : टोनरची मागणी पाठवली होती, कधी मिळेल? उत्तर येतं, बघतो. चार दिवसांनी पुन्हा विचारणा, पुन्हा ‘पुरवठादाराशी बोलतो’. आणि मग तिसरा मेल. मजकूर जवळपास तोच, पण आता त्यात तारखा आहेत, वाक्यं पूर्ण आहेत, ‘वारंवार विनंती करूनही’ हे शब्द आहेत आणि Cc: च्या रकान्यात एक नवं नाव आहे. खरेदी विभागाच्या साहेबांचं. वाचणारा टोनर विसरतो. त्याच्या मनात एकच प्रश्न उरतो : साहेबांना का टाकलं?

मला हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. वरिष्ठाला प्रत पाठवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि जुन्या कागदात या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावरच लिहिलेलं असायचं.

पेशवेकाळात एखाद्याला इनाम दिलं की सनद एकट्या इनामदाराच्या हाती देऊन काम संपत नसे. त्याच विषयाची वेगळी पत्रं मामलेदाराला, देशमुख-देशपांड्यांना, गावच्या मोकदमाला जात. पत्राच्या शेवटी ठरलेली सूचना असे : याची प्रत लिहून घ्यावी आणि मूळ पत्र भोगवट्यासाठी इनामदाराला परत द्यावं. म्हणजे कुणाला काय कळवलं आणि त्यानं त्याचं काय करायचं, हे ज्याचं त्याला स्वच्छ सांगितलेलं. प्रत हाताने लिहावी लागे, त्यामुळे उगाच कुणाला धाडण्याचा प्रश्नच नव्हता.

कार्बन कागद नंतरचा. राल्फ वेजवूड या इंग्रजाने त्याचं पेटंट 1806 साली घेतलं, पण त्याचा खरा संसार थाटला गेला तो टंकलेखन यंत्र आल्यावर. इथे थोडं थांबून यंत्राजवळ जायला हवं, कारण सीसीचा स्वभाव तिथे घडला. टंकलेखक आधी वर जाड कागद, मग कार्बन, मग पातळ कागद, पुन्हा कार्बन, पुन्हा पातळ कागद अशी चळत नीट जुळवून रुळात सरकवायचा. अक्षरावर बोट जोरात पडलं तर चौथ्या-पाचव्या प्रतीपर्यंत ठसा पोचायचा. त्याखालची प्रत वाचायला उजेडात धरावी लागे. चूक झाली तर प्रत्येक प्रतीवर वेगळं खोडावं लागायचं. मुख्य म्हणजे, किती प्रती आणि कुणाला, हे पहिलं अक्षर उमटण्याआधी ठरवावं लागे. पत्र अर्ध्यावर आलं आणि साहेबांची आठवण झाली, असं तिथे सहजी होत नसे. नंतर प्रत द्यायचीच तर पृष्ठांकन करून द्यायची. तीही उघड, सहीनिशी.

मराठी सरकारी पत्राने या प्रतीला स्वतःची शिस्त लावली. समजा, एखाद्या शाळेने सहलीसाठी प्रासंगिक करारावर बस मागितली आणि स्वारगेटच्या एसटी आगाराने तिला उत्तर दिलं. सहीच्या खाली डाव्या बाजूला येईल : ‘प्रत : मा. विभाग नियंत्रक, पुणे यांना माहितीसाठी सविनय सादर.’ त्याखाली : ‘प्रत : वाहतूक शाखा, आवश्यक त्या कार्यवाहीसाठी.’ आणि शेवटी ‘कार्यालयीन प्रत’. वर जाणारा कागद ‘सादर’ होतो, खाली किंवा बरोबरीला जाणारा ‘रवाना’. ज्याला नुसतं कळवायचं त्याला ‘माहितीसाठी’, ज्याने काही करायचं त्याला ‘कार्यवाहीसाठी’. मूळ पत्र ज्याच्या नावाने आहे तोही हे सगळं वाचतो. विभाग नियंत्रकांना प्रत का गेली, याचा अंदाज त्याला बांधावा लागत नाही.

तक्रार वर न्यायची असेल तर त्यालाही पायऱ्या होत्या. आधी पत्र. उत्तर नाही तर स्मरणपत्र, त्यावर मागच्या पत्राचा क्रमांक आणि दिनांक. मग दुसरं स्मरणपत्र. त्यानंतर अर्धशासकीय पत्र, म्हणजे अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला नावानिशी लिहिलेलं. या दरम्यान कुठेतरी वरिष्ठांना प्रत जायची. समोरच्याला पायरी दिसायची आणि पुढची कोणती हेही ठाऊक असायचं. सावरायला त्याला आठवडा-पंधरवडा मिळायचा.

मेलमध्ये सीसीचा रकाना आला तो कार्बनच्या सवयीतून. आर्पानेटवर संदेश कसे लिहावेत याचा मसुदा डेव्हिड क्रॉकर, जॉन व्हिटल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नोव्हेंबर 1977 मध्ये मांडला. त्यात मुख्य प्राप्तकर्ते वेगळे आणि सीसीतले वेगळे आहेत. 2008 च्या मेलच्या मानकात तर सीसी म्हणजे टंकलेखन यंत्रावरची कार्बन प्रत असा सरळ खुलासाच आहे. मजकूर ज्यांना उद्देशून नसेल, तरी ज्यांना तो मिळावा, त्यांची ही जागा. ‘माहितीसाठी’ की ‘कार्यवाहीसाठी’ हे लिहायला मात्र त्या रकान्यात जागा ठेवलेली नाही. तिथे फक्त पत्ता मावतो.

दुसरा बदल याहून मोठा आहे. कार्बनची प्रत एकाच पत्राची असे; मागचे कागद जोडायचे तर ‘सहपत्रे’ म्हणून नोंदवावे लागत. मेलला उत्तर देताना खाली आधीची सगळी मालिका लटकलेली असते. टोनरच्या प्रकरणात साहेबांना तिसरा मेल मिळतो आणि त्याखाली पहिले दोनही. ‘बघतो’ हे उत्तर बरोबरीच्या माणसाला, चहाच्या आधी घाईत लिहिलेलं होतं. ते आता साहेब वाचतात. वाचणारा बदलला की जुन्या मजकुराचा अर्थ मागे जाऊन बदलतो, आणि लिहिणाऱ्याला तो दुरुस्त करता येत नाही. अचानक सीसी झाल्यावर जे टोचतं ते मुख्यतः हे, असं माझं मत आहे.

तेव्हा केंब्रिजमध्ये असलेले संशोधक डेव्हिड डी क्रेमर यांनी 2017 मध्ये आपले निष्कर्ष मांडले : सहकारी सतत वरिष्ठांना सीसीत ठेवत असेल तर आपल्यावर विश्वास नाही असं माणसाला वाटू लागतं.

तरीही प्रत्येक सीसी म्हणजे चहाडी नव्हे. नाव कुठे आलं ते पाहावं. पहिल्याच मेलपासून असेल तर ती बहुधा कार्यालयाची रीत. पैसे, मुदत किंवा मंजुरीचा विषय निघाल्यावर आलं असेल तर निर्णय त्या साहेबांच्या अधिकारातला असतो. ‘साहेबांना सोबत घेत आहे’ असं पहिल्याच ओळीत असेल तर ते उघड बोलावणं. पण नवा मुद्दा काहीच नाही, जुनीच मागणी तारखांसकट पुन्हा मांडली आहे आणि नाव मुकाट्याने वाढलं आहे, तर ते स्मरणपत्र आणि तक्रार दोन्ही एकदम आलेलं आहे. लिहिणाऱ्याला स्वतःची बाजू कागदावर आणायची आहे.

अशा वेळी उत्तर देताना साहेबांचं नाव काढून टाकू नका. लपवाछपवी तिथेच दिसते. मागची मालिका उकरून सफाईही देऊ नका. सगळ्यांना मिळेल असं उत्तर द्या : टोनर कुठे अडलं, कधी येईल, उशीर झाला असेल तर तसं. तिघांनाही तेवढंच हवं असतं.

आणि तुम्ही पाठवणारे असाल, तर नाव जोडण्याआधी समोरच्याला एक फोन करा. तरी जोडावंच लागलं तर मजकुराच्या खाली जुनी ओळ लिहा : ‘प्रत : मा. अमुक यांना माहितीसाठी सादर. पुरवठ्यासाठी त्यांची मंजुरी लागेल.’ ती लिहिता येत नसेल, तर नाव जोडू नका.