भयखेळ, एका बैठकीचा

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळातील, एकाच बैठकीत संपणारी भयकथा. ‘ड्रेड’ (2005) या खेळात फाशांऐवजी जेंगाचा 54 ठोकळ्यांचा मनोरा असतो. पात्राला अवघड कृती साधायची असेल, तर खेळाडू एक ठोकळा काढून वर ठेवतो. मनोरा ज्याच्या हातून कोसळेल, त्याचे पात्र कथेतून बाद होते.

त्यामुळे कथेची गती ठोकळ्यांवर ठरते. चार तासांच्या बैठकीत पहिला तास ओळखी आणि बारीकसारीक विसंगतींना द्यावा: बंद खोलीतला ओला टॉवेल, वहीतले फाडलेले पान. या काळात ठोकळे मोजकेच काढायला लावावेत. मनोरा लवकर पडला, तर एक खेळाडू उरलेली बैठक रिकामा बसतो. उलट, मनोरा मधोमध पोकळ झाल्यावर सूत्रधाराने बोलणे कमी करावे. हात पुढे येताच टेबल आपोआप गप्प होते, आणि ती शांतता वर्णनाने भरणे ही नवख्या सूत्रधाराची नेहमीची चूक.

भीती खेळापुरतीच राहावी म्हणून कोणते विषय कथेत मुळीच नकोत आणि कोणते पडद्याआड ठेवायचे, हे सुरुवातीलाच ठरवतात. जॉन स्टाव्रोपोलस यांचे ‘एक्स-कार्ड’ टेबलाच्या मध्यभागी असते. कोणीही त्याला हात लावला, की तो प्रसंग कारण न विचारता बदलतात. भीतीने गप्प झालेला आणि खरोखर अस्वस्थ झालेला खेळाडू वरून सारखेच दिसतात. म्हणून शंका आल्यास सूत्रधाराने स्वतःच कार्ड उचलावे किंवा पाच मिनिटांची सुट्टी द्यावी.