ब्रश सरकवणारा माणूस

पॅरिसमध्ये 1871 साली ग्राम या गृहस्थांनी आपला डायनॅमो विद्वानांपुढे मांडला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या शहरांत विजेचे दिवे लागू लागले. त्या दिवसांतल्या वीजघरात आपण शिरलो असतो, तर यंत्राजवळ एक माणूस सदैव उभा दिसला असता. संध्याकाळी घरोघर दिवे लागत, यंत्रावरचा भार वाढे, आणि ब्रशांखाली निळसर ठिणग्या तडतडू लागत. मग हा माणूस ब्रश धरून ठेवणारे कडे हाताने हळूच पुढे सरकवी, म्हणजे यंत्र ज्या दिशेने फिरते त्या दिशेने. ठिणग्या शांत होत. रात्री दिवे मालवले की कडे परत मागे! हे न केले तर तांब्याचे ब्रश आणि कम्युटेटर दोन्ही जळून खडबडीत होत. आता प्रश्न असा, की भार वाढला म्हणून ब्रशाची जागा का बदलावी?

एकदिश, म्हणजे डीसी, जनित्राच्या मधोमध आर्मेचर फिरते. त्यावरच्या तारा उत्तर ध्रुवाखालून जाताना त्यांतला प्रवाह एका दिशेने वाहतो, दक्षिण ध्रुवाखाली उलट दिशेने. दोन ध्रुवांच्या बरोबर मध्ये जी जागा, तिथे तारेत वीजदाब उपजतच नाही. तिला उदासीन रेषा म्हणू. ब्रश तिथे बसवायचा, म्हणजे ज्या गुंडाळीतला प्रवाह उलटायचा आहे ती त्या क्षणी निवांत असते. यंत्रातून प्रवाह घेत नाही तोवर हे अगदी ठीक चालते.

पण प्रवाह वाहू लागला की आर्मेचर स्वतःच लोहचुंबक बनते, आणि त्याचे चुंबकत्व मुख्य ध्रुवांच्या चुंबकत्वाला आडवे पडते. ध्रुवाच्या ज्या कडेखालून तारा आत शिरतात तिथले बल कमी होते, ज्या कडेखालून बाहेर पडतात तिथले वाढते. सगळे क्षेत्र जणू फिरण्याच्या दिशेने पिळले जाते आणि उदासीन रेषा पुढे सरकते. प्रवाह जितका जास्त तितकी ती जास्त सरकते. हीच आर्मेचरची प्रतिक्रिया.

आता दुसरी गोष्ट पाहा. कम्युटेटरवर ब्रशाची रुंदी 15 मिलिमीटर आहे आणि कम्युटेटरचा काठ सेकंदाला 15 मीटर वेगाने पळतो आहे असे समजा. ब्रशाखालून जायला एका जागेला मिळाला सेकंदाचा फक्त हजारावा भाग. तेवढ्यात गुंडाळीतला 25 अँपिअर प्रवाह शून्यावर येऊन उलट दिशेने 25 अँपिअर व्हायला हवा. भरलेली बैलगाडी धावत असताना जागच्या जागी वळवता येते का? प्रवाहालाही तसाच जडपणा असतो, त्याला स्वयंप्रवर्तन म्हणतात. प्रवाह पुरता उलटण्याआधीच तांब्याची पट्टी ब्रशाखालून निघून गेली, तर उरलेला प्रवाह हवेतून उडी घेतो, आणि तीच ठिणगी. म्हणून तो माणूस ब्रश नव्या उदासीन रेषेपर्यंतच नव्हे, तर तिच्याही किंचित पुढे नेई. तिथे पुढच्या ध्रुवाचे थोडे बल गुंडाळीला मिळते आणि ते प्रवाहाला उलटायला मदत करते.

युक्ती नामी, पण फुकट नव्हती बरं का! 1886 साली जॉन आणि एडवर्ड हॉपकिन्सन या इंग्रज बंधूंनी आपल्या निबंधात याचा हिशेब मांडला. ब्रश जितक्या अंशांनी पुढे सरकतो त्याच्या दुप्पट अंशांत येणाऱ्या तारा मुख्य चुंबकाला सरळसरळ विरोध करू लागतात. एक उदाहरण करून पाहू. चार ध्रुवांचे, 100 अँपिअरचे जनित्र आहे. आर्मेचरवर 360 तारा असून प्रवाहाला चार वाटा आहेत, म्हणजे प्रत्येक तारेत 25 अँपिअर. ब्रश 6 अंश पुढे सरकवला. 360 गुणिले 25 गुणिले 6, भागिले 360, उत्तर 150. दर ध्रुवामागे 150 अँपिअर-वेढे इतके चुंबकत्व खर्ची पडले. चुंबकावर प्रत्येक ध्रुवाला 1500 वेढे असतील, तर त्यांत एक दशांश अँपिअर जादा सोडल्यावरच ते भरून निघेल. आकडा लहान वाटतो. पण शंट जनित्राचा दाब भाराबरोबर आधीच उतरत असतो. आर्मेचरच्या तारांच्या रोधात काही दाब जातो, प्रतिक्रियेने काही जातो, आणि दाब उतरला म्हणून चुंबकाचा स्वतःचा प्रवाहही घटतो. दाब आणि भार यांचा आलेख काढला तर रेघ खाली झुकलेली दिसते. ब्रश सरकवल्याने ती आणखी झुके. म्हणून त्या माणसाचा एक हात कड्यावर, तर दुसरा रोधकाच्या मुठीवर!

पुढे कार्बनचे ब्रश आले. जॉर्ज फोर्ब्ज यांनी 1885 साली त्यांचे पेटंट घेतले. कार्बनचा रोध तांब्यापेक्षा पुष्कळ जास्त असल्यामुळे ठिणग्यांना आपोआप आळा बसतो. तरी मोठ्या यंत्रांचे दुखणे गेले नाही.

खरा उतारा निघाला तो आंतरध्रुवाचा. दोन मोठ्या ध्रुवांच्या मधल्या जागेत एक अरुंद ध्रुव बसवायचा आणि त्यावर जाड तारेचे थोडे वेढे देऊन त्यांतून आर्मेचरचाच सगळा प्रवाह न्यायचा. ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच निघाली होती, पण सर्रास वापर सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. यातली खुबी अशी, की भार वाढला की प्रतिक्रिया वाढते आणि त्याच मापाने आंतरध्रुवाचे बलही वाढते. माणसाचा हात लागतच नाही. आपल्याच जनित्राचे पाहा. आर्मेचरचे बल दर ध्रुवामागे 360 गुणिले 25, भागिले 8, म्हणजे 1125 अँपिअर-वेढे. ते खोडायला 100 अँपिअरचे सव्वाअकरा वेढे लागतील. पण नुसते खोडून भागत नाही, प्रवाह उलटवायला वर थोडे बल हवे. म्हणून साधारण सव्वापट धरून 14 वेढे द्यायचे. ब्रश मात्र आता कायमचा मधोमध.

जनित्रात आंतरध्रुव हा फिरण्याच्या दिशेने पुढे येणाऱ्या मोठ्या ध्रुवाच्याच जातीचा असावा लागतो. दुरुस्तीनंतर जोडणीची टोके उलटी लागली, तर भार वाढेल तशा ठिणग्या भडकतात आणि ब्रश सरकवून काही केल्या आटोक्यात येत नाहीत. ही त्या चुकीची खूण. बिनभारानेही ठिणग्या उडत असतील, तर दोष बहुधा कम्युटेटरच्या खडबडीत पृष्ठात किंवा वर आलेल्या अभ्रकात शोधावा. ब्रश नेमका मधोमध आहे का, हेही ताडता येते. यंत्र थांबवून ब्रशांना मिलिव्होल्टमीटर लावा आणि चुंबकाचा प्रवाह एकदम चालू-बंद करा. ज्या जागी काटा सर्वांत कमी उडेल ती जागा बरोबर. या उपायालाही मर्यादा आहे. आंतरध्रुव फक्त मधल्या पट्टीवर काम करतो; मोठ्या ध्रुवाखालचे पिळलेले क्षेत्र तसेच राहते. भार एकाएकी फार उसळला तर कम्युटेटरभर ज्वाळ पसरू शकते. अशा यंत्रांत ध्रुवाच्या तोंडावरच खाचा पाडून भरपाईचे वेढे घालावे लागतात.

रेल्वेच्या मोटरीत तर ब्रश सरकवणार कोण? ती पुढेही धावते, मागेही. आपल्याकडे बोरघाटात 1930 पर्यंत 1500 व्होल्टच्या डीसी विजेवर गाड्या धावू लागल्या. 37 फुटांना एक फूट असा तो चढ. मालगाडी ओढणारी त्या काळची इंजिने घाट उतरताना मोटरीचेच जनित्र करून वीज तारेत परत सोडत. जनित्राला आंतरध्रुव पुढच्या ध्रुवाच्या जातीचा हवा, मोटरीला मागच्या. मग घाटमाथ्यावर जोडणी बदलायची काय? छे! मोटर जनित्र झाली की आर्मेचरचा प्रवाह उलटतो, आणि आंतरध्रुव त्याच प्रवाहावर असल्याने त्याचीही जात आपोआप पालटते. मुंबईच्या रेल्वेवरची ही डीसी वीज 2016 साली संपली. तोवर रोज हजारो कम्युटेटर त्या तारेखाली फिरत आले, आणि त्यांच्या ब्रशांना वाटेत कोणी हात लावत नव्हते.