हवा गेलेल्या टायरवर वाहन चालवणे

'''हवा गेलेल्या टायरवर वाहन चालवणे''' म्हणजे टायरमधील हवा पूर्ण निघून गेल्यावरही चाक न बदलता वाहन पुढे नेणे. वाहनाचा भार मुख्यतः टायरमधील दाबाखालची हवा पेलते. रबर आणि धाग्यांचे कवच त्या हवेला बांधून ठेवते. हवा गेली की तो भार टायरच्या बाजूच्या भिंतीवर व रिमवर येतो. त्यामुळे साध्या पंक्चरने दुरुस्त झाला असता असा टायर थोड्याशा अंतरात निकामी होऊ शकतो.

== बाजूची भिंत ==
यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकी येथून उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या मोटारीचे चाक पंक्चर झाले आणि पंक्चरचे दुकान १ किलोमीटरवर आहे, असे समजा. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर आणि परीघ १.९५ मीटर असतो. म्हणजे दुकान येईपर्यंत चाकाचे सुमारे ५१० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात भिंतीचा प्रत्येक भाग रिमची कड आणि रस्ता यांच्यामध्ये एकदा चेपला जातो. या घड्यांमुळे रबर तापते, आतील धागे तुटतात आणि आतले अस्तर घासून त्याचा भुगा होतो.

बाहेरून टायर चांगला दिसला तरी तो रिमवरून उतरवून आतून पाहावा लागतो. आत काळा भुगा सापडणे, भिंतीवर सलग गोल घडी किंवा घासल्याची पट्टी उमटणे, धागे उघडे पडणे ही नुकसानीची लक्षणे होत. असा टायर दुरुस्त करू नये. पंक्चरचा तुकडा रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच टिकतो. कमकुवत भिंत हवा भरताना किंवा पुढे वेगात असताना फुटू शकते.

== रिम ==
चेपलेल्या टायरमुळे रिमची कड खड्ड्यावर किंवा दगडावर जवळजवळ थेट आदळते. पोलादी रिम बहुधा वाकते, तर मिश्रधातूच्या रिमला तडा जाण्याचा धोका असतो. वाकलेल्या कडेवर टायर घट्ट बसत नाही, म्हणून नवा टायर घातल्यावरही हवा हळूहळू जात राहते.

== सस्पेन्शन ==
सपाट रस्त्यावर अगदी मंद गतीने काही मीटर गेल्यास सस्पेन्शनला सहसा इजा होत नाही. मात्र हवेची उशी नसल्याने खड्ड्याचा धक्का थेट चाकाच्या बेअरिंगला, बॉल जॉइंटला आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरला बसतो. टायर बदलल्यानंतरही वाहन एका बाजूला ओढत असेल किंवा चाकातून घरघर येत असेल, तर व्हील अलाइनमेंट व बेअरिंग तपासून घ्यावे लागते.

== मर्यादा ==
रहदारीतून बाजूला होण्यापुरते, माणसाच्या चालीने काही मीटर जाणे एवढाच याला अपवाद मानला जातो. त्यानंतर तेथेच स्टेपनी लावावी. रन-फ्लॅट टायरची भिंत मुद्दाम जाड केलेली असते. तो साधारणतः ताशी ८० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर चालू शकतो. नेमकी मर्यादा उत्पादकाच्या सूचनेनुसार ठरते.