चार्जरचा शब्द : दुसरा फोन लावला की वॅट का घटतात?

‘६५ वॅट’ असं ठळक छापलेला चार्जर आपण घेतो. लॅपटॉप छान चार्ज होतो. शेजारच्या खाचेत फोन लावला की लॅपटॉपवर ‘चार्जर मंद आहे’ अशी सूचना येते. बऱ्याच जणांना वाटतं, फसवलं आपल्याला. यात फसवणूक किती आणि हिशेब किती, हे समजायला १९९६ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या साली यूएसबीचा पहिला मसुदा आला. वीज ५ व्होल्टची, आणि एका जोडणीला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. पण जोडल्याबरोबर एवढी वीज घ्यायची परवानगी नव्हती. उपकरणाने आधी १०० मिलिअँपिअरवर भागवायचं, आपली गरज संगणकाला कळवायची आणि होकार आल्यावरच जास्त घ्यायचं. आता स्वतःचं विजेचं कनेक्शन नसलेला हब बघा. त्याला वरून ५०० मिळणार. त्यातले १०० स्वतःसाठी राखायचे आणि उरलेल्या ४०० मधून चार खाचांना प्रत्येकी १००. म्हणून अशा हबवर माउस चाले, बाहेरची हार्डडिस्क चालत नसे. नियम सरळ होता : जेवढं हातात आहे, तेवढ्याचाच शब्द द्यायचा.

२०१२ मध्ये ‘पॉवर डिलिव्हरी’ हे मानक आलं आणि २०१४ मध्ये टाइप-सी जोडणी. आता चार्जरच बोलू लागला. लॅपटॉप लावला की आपला ६५ वॅटचा चार्जर एक यादी पाठवतो : ५, ९ आणि १५ व्होल्टला ३ अँपिअर, २० व्होल्टला ३.२५ अँपिअर. लॅपटॉप शेवटची ओळ निवडतो. २० गुणिले ३.२५, झाले ६५. हा करार झाला, आणि चार्जरच्या हातात काहीच उरलं नाही.

अशात दुसऱ्या खाचेत फोन येतो. त्याला शब्द द्यायचा तर पहिला करार आधी कमी करायलाच हवा. चार्जर लॅपटॉपला नवी यादी पाठवतो, त्यात २० व्होल्टला फक्त २.२५ अँपिअर. म्हणजे ४५ वॅट लॅपटॉपला आणि २० फोनला. काही चार्जर एवढं सभ्यपणे बोलत नाहीत. ते दोन्ही खाचांची वीज क्षणभर तोडतात आणि बोलणी पहिल्यापासून सुरू करतात. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे चार्जिंगचं चिन्ह गेलं-आलं एवढंच दिसतं. पण त्याच चार्जरवर बॅटरी नसलेला राउटर असेल, तर तो बंद पडून पुन्हा सुरू होतो.

मग दोन्ही खाचांना ६५ का देत नाहीत? इथे गॅन, म्हणजे गॅलियम नायट्राइड, येतं. याचा ट्रान्झिस्टर सिलिकॉनपेक्षा कितीतरी वेगाने उघडझाप करू शकतो. त्यामुळे दर खेपेला थोडीच ऊर्जा साठवावी लागते आणि ट्रान्सफॉर्मर लहान होतो. पण उष्णता शून्य होत नाही. कार्यक्षमता ९२ टक्के धरली, तर ६५ वॅट देताना सुमारे साडेपाच वॅट डबीतच तापतात. १३० वॅट द्यायचे तर अकरा, आणि डबी तेवढीच मुठीएवढी! डबी लहान करण्याची ही किंमत आहे.

तक्रारीला जागा आहे ती वेगळीच. अनेक चार्जरांत वाटणी ठरलेली असते. दुसऱ्या खाचेत फोनऐवजी दोन वॅट खाणारे इअरफोन लावले तरी लॅपटॉपला ४५च. उरलेले अठरा वॅट कुणीच वापरत नाही. काही महाग चार्जर प्रत्यक्ष खप पाहून वाटणी बदलतात. मानकातही दोन प्रकार मान्य आहेत : प्रत्येक खाचेची क्षमता हमीची असलेले आणि क्षमता सामायिक असलेले. आपला चार्जर दुसऱ्या प्रकारचा.

म्हणून विकत घेताना मोठा आकडा सोडा, बारीक अक्षरांतला तक्ता वाचा. ‘सी-१ अधिक सी-२’ समोर ‘४५ अधिक २०’ असेल, तर लॅपटॉप सी-१ मध्येच लावा. चुकून सी-२ मध्ये गेला तर वाट्याला २० येतील, आणि जड काम चालू असेल तर चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाईल. घटीचं कारण दुसरं उपकरणच आहे का, हे तपासायचं असेल तर दुसऱ्या खाचेत दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली नुसती केबल लावा, पुढे काही जोडू नका. वॅट घटायला नकोत, कारण उपकरण आल्याची खूण उपकरणातल्याच एका रोधामुळे मिळते.

आणि एकूण ६५चाच चार्जर दोन्ही खाचांना पूर्ण ६५ कबूल करत असेल, तर सावध व्हा. दोघांनी एकदम मागणी केली की त्याचं संरक्षण सर्किट दोघांचीही वीज तोडेल. घटणारा चार्जर निदान खरं बोलतो.